लेकीला नोकरीचं पत्र आलंय? सही करण्याआधी गटात वाचा

मैत्रिणींनो, मागच्या मासिक बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम साठ हजार, कारण लिहिलं होतं 'मुलीच्या नोकरीसाठी स्कूटी'. मुलगी बी.एस्सी. ॲग्री झालेली. एका बियाणे कंपनीचं पत्र आलं होतं, वर्षाला तीन लाखांचं पॅकेज, काम दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच आठवड्यात घरापासून अठरा किलोमीटरवरच्या फळप्रक्रिया कारखान्यातूनही बोलावणं आलं होतं, महिना पंधरा हजार. ताई म्हणाल्या, "पंचवीस हजार सोडून पंधरा हजारांवर कोण जाईल? स्कूटी घेऊन देते."

अर्ज लगेच मंजूर झाला नाही. अध्यक्षताईंनी विचारलं, "पंचवीसमधले हातात किती पडणार?" कुणालाच सांगता येईना. मग मुलीलाच बोलावून घेतलं आणि दोन्ही पत्रं ओळीओळीने वाचली. त्यातून जे कळलं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे, कारण आता आपल्या प्रत्येक गावात एक-दोन तरी मुलं-मुली शेतीची पदवी घेतलेली आहेत.

आधी समजून घ्या, कोण कशासाठी माणूस घेतं

शेतीच्या पदवीधरांना नोकरी देणारे म्हटलं की आपल्याला 'कंपनी' एवढंच कळतं. पण एकाच कंपनीत दोन कामं अगदी वेगळी असतात.

बियाण्यांचंच घ्या. आपल्याकडे हा धंदा जुना आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. अकोल्यात महाबीज आहे, पण ते शासनाचं महामंडळ आहे. तिथली भरती जाहिरात काढून होते, घरी फोन करून होत नाही.

बियाणे कंपनीत एक काम असतं उत्पादनाचं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे गेलात तर शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बियाणं तयार करणाऱ्या बायका दिसतील. त्या प्लॉटवर लक्ष ठेवणं, नर-मादी ओळी नीट लागल्यात का पाहणं, भेसळीची झाडं वेळेत उपटून घेणं, परागीकरण बरोबर होतंय का बघणं, ही उत्पादनातल्या पदवीधराची कामं. त्याला पीक कळावं लागतं. बियाणं उगवणीत किंवा शुद्धतेत नापास झालं तर पहिला प्रश्न त्यालाच विचारतात.

दुसरं काम असतं विक्रीचं. पत्रात त्याला 'मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर', 'फिल्ड ऑफिसर' किंवा 'फिल्ड असिस्टंट' म्हणतात. डेमो प्लॉट लावायचे, शेतकरी मेळावे घ्यायचे, कृषी सेवा केंद्रांत माल ठेवायला लावायचा आणि मालाचे पैसे वसूल करायचे. यातलं मेळाव्याचं काम मुलाखतीत सांगतात. वसुलीचं काम बहुतेक वेळा रुजू झाल्यावर कळतं.

खत-औषधांच्या कंपन्यांतही असंच असतं. मोबाइलवरून शेतकऱ्याला सल्ला आणि माल देणाऱ्या नव्या ॲग्रीटेक कंपन्यांत काही मुलं फोनवर सल्ला देण्याच्या कामाला असतात आणि काही गावोगाव फिरून शेतकरी जोडतात. प्रक्रिया उद्योगाचं वेगळं. आलेला माल तपासून घेणारे, प्रयोगशाळेत साखर-आंबटपणा मोजणारे, शेतकऱ्यांकडून खरेदी बघणारे, असे लोक तिथे लागतात. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी आहे, जळगावला जैन इरिगेशनचे कांदा आणि फळांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. अशा ठिकाणी अन्न तंत्रज्ञान शिकलेल्यांना आधी विचारतात, पण खरेदीसाठी बी.एस्सी. ॲग्रीही चालतात.

म्हणून पत्र हातात आलं की पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. "रोज सकाळी उठून करायचं काय?" हे विचारा. ताईंच्या मुलीच्या पत्रात पद होतं 'मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर'. म्हणजे विक्री. मुलीला वाटत होतं प्लॉटवर काम आहे.

तीन लाखांचे सतरा हजार कसे झाले

आता पगार. पत्रातल्या आकड्याला सीटीसी म्हणतात. कंपनीला तो माणूस वर्षाला एकूण केवढ्याला पडतो, तो हा आकडा. त्यात मुलीच्या हातात कधीच न येणारे पैसेही धरलेले असतात. तीन लाखांचे महिन्याला पंचवीस हजार. पत्राच्या मागच्या पानावर त्याची फोड होती. ती अशी:

- टार्गेट पूर्ण केलं तर मिळणारा भाग: २,६५५
- कंपनीने भरायचा पीएफ (मूळ पगार १५,००० च्या १२ टक्के): १,८००
- कंपनीने भरायचा ईएसआयसी: ६२४
- ग्रॅच्युइटीसाठी धरलेले: ७२१
- उरलेला महिन्याचा एकूण पगार: १९,२००

म्हणजे पंचवीसमधले सहा हजाराच्या जवळपास इथेच बाजूला पडले. पीएफचे पैसे बुडत नाहीत, ते मुलीच्याच खात्यात जमा होतात, पण घरखर्चाला येत नाहीत. ग्रॅच्युइटी ठरावीक काळ सलग नोकरी केल्यावरच मिळते. आणि टार्गेटचा भाग मिळेल की नाही, हे वर्ष संपल्यावर ठरतं.

त्या १९,२०० मधून मुलीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ईएसआयसीचे १४४ कापले जातात. व्यवसाय कर कापला जाणार नाही, कारण महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. कुणी मुलीच्या पगारातून दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापत असेल तर विचारायचं. तर हातात पडणार १७,२५६.

ताईंनी हा आकडा वहीत दोनदा लिहिला.

पेट्रोल, खोली आणि हप्ता

फिरतीच्या नोकरीत एवढ्यावर हिशेब संपत नाही. कंपनी किलोमीटरला ३ रुपये देणार होती, पण महिन्याला १,५०० किलोमीटरपर्यंतच. म्हणजे जास्तीत जास्त ४,५००. मुलीने त्या भागात काम करणाऱ्या एका मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, रोज ऐंशी किलोमीटर होतातच. पंचवीस दिवसांचे २,०००. स्कूटी लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं, तर साडेचव्वेचाळीस लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपये भावाने ते झाले सुमारे ४,६७०. वर ऑइल, टायर, पंक्चर, सर्व्हिसिंगचे आठशे. एकूण ५,४७० खर्च आणि मिळणार ४,५००. दर महिन्याला ९७० रुपये पदरचे.

शिवाय हे पैसे बिल लावल्यावर मिळतात. दीड-दोन महिने उशीर झाला तर तोवर पेट्रोल पगारातून टाकायचं. हे आधी विचारून ठेवलं नाही तर पोरगी पहिल्याच महिन्यात घरून पैसे मागते आणि आपल्याला वाटतं तिला जपून खर्च करता येत नाही.

परगावी राहायचं म्हणजे खोली आणि मेस. तिथले भाव विचारले तर ६,५०० च्या खाली काही जमेना. १७,२५६ मधून ९७० आणि ६,५०० गेले, की उरले ९,७८६.

आता आपलं कर्ज. साठ हजार, शेकडा एक रुपया व्याज, चोवीस महिने. मुद्दल २,५०० आणि पहिल्या महिन्याचं व्याज ६००, म्हणजे पहिला हप्ता ३,१००. तो भरल्यावर शिल्लक साधारण ६,७००. पंचवीस हजारांच्या नोकरीत घरी येणारे पैसे हे एवढे.

मग कारखान्याचं पत्र घेतलं. पगार १५,०००. पीएफचे १,८०० आणि ईएसआयसीचे ११३ कापून १३,०८७. कॅन्टीनचे ६०० जातात, बस कंपनीची, राहायला घर. शिल्लक जवळजवळ १२,५००. गाडी नको, कर्ज नको.

ताई म्हणाल्या, "मग हीच बरी!" पण थांबा. मुलीने तिथे फोन करून एकच प्रश्न विचारला, "मोसम संपल्यावर काय?" उत्तर आलं, काम आठ महिन्यांचं, कंत्राटदारामार्फत, पुढच्या मोसमात परत बोलावू. प्रक्रिया कारखान्यात हे नेहमीचं आहे. टोमॅटो, आंबा आला की माणसं वाढवतात, माल संपला की थोडेच ठेवतात. आठ महिन्यांचे सुमारे एक लाख होतात. बियाणे कंपनीत हप्ता सोडून बारा महिन्यांचे एक लाख सतरा हजार. पहिल्या वर्षी हप्त्यांत पस्तीस हजार जातात, पण दोन वर्षांनी गाडी आपली होते.

म्हणजे पगारावरून निकाल लागेना. मग बाकीची पानं वाचली.

खरी मेख वसुलीत

बियाण्यांच्या विक्रीचं वर्ष कसं चालतं ते आपल्याला अर्धं माहीत आहे, कारण आपण दुकानातून पिशवी घेतो. कंपनी माल वितरकाला देते, वितरक गावातल्या कृषी सेवा केंद्राला. बराचसा उधारीवर. मे महिन्यात फिल्डवरच्या मुलांवर जोर असतो की दुकानात माल भरा. पोरगं चार दुकानदारांच्या हातापाया पडून शंभराच्या जागी दीडशे पिशव्या ठेवतं. टार्गेट पूर्ण! साहेब शाबासकी देतात.

पण पाऊस लांबला, किंवा शेतकऱ्यांनी दुसरं वाण घेतलं, की जुलै-ऑगस्टमध्ये पिशव्या परत येतात. त्या परत आल्या की टार्गेटमधून वजा होतात. उधारीचे पैसे दिवाळीपर्यंत यायला हवेत, ते दुकानदाराकडे अडकतात. म्हणजे टार्गेट मेमध्ये झालं की नाही, याचा खरा हिशेब दिवाळीला लागतो. ते २,६५५ रुपये यावरच अवलंबून असतात, म्हणून घरखर्चाच्या हिशेबात ते धरायचेच नाहीत.

इथवर ठीक. धोका पुढे आहे. काही ठिकाणी वसुली झाली नाही तर मुलाचा पगार अडवतात. काही ठिकाणी मालाची जबाबदारी म्हणून मुलाकडून सही केलेले कोरे चेक घेतात, किंवा दहावी-बारावीची, पदवीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. दुकानदाराने पैसे बुडवले तर ते मुलाच्या अंगावर येतात. नोकरी सोडतो म्हटलं तर प्रमाणपत्रं मिळत नाहीत.

म्हणून विक्रीच्या नोकरीला चार गोष्टी लेखी विचारायच्या. दुकानदाराचे पैसे आले नाहीत तर माझ्या पगारातून कापणार का? परत आलेला माल कुणाच्या नावावर? माझ्या नावावर माल उचलावा लागेल का? चेक किंवा मूळ कागद द्यावे लागतील का? कोरा चेक कुठल्याही नोकरीसाठी द्यायचा नाही. मूळ कागद दाखवायचे, तपासून झाले की घरी आणायचे, झेरॉक्स द्यायची.

मुलीने हे ईमेलने विचारलं. फोनवर विचारलेलं कुणी लक्षात ठेवत नाही, ईमेल राहतो. चार दिवसांनी उत्तर आलं: पगारातून कपात नाही, फक्त टार्गेटचा भाग कमी होईल, चेक आणि मूळ कागद नकोत. त्यातच एक नवी गोष्ट कळली. नोकरी कंपनीच्या नावावर नव्हती. अकरा महिन्यांचा करार एका मनुष्यबळ एजन्सीचा होता.

यात लगेच घाबरायचं कारण नाही. अनेक मोठ्या कंपन्या सुरुवातीची भरती अशीच करतात. पण मग पगार एजन्सी देणार, पीएफ एजन्सी भरणार, आणि तक्रारही आधी तिच्याकडेच करावी लागणार. म्हणून विचारायचं, मागच्या दोन वर्षांत या जिल्ह्यातली किती मुलं एजन्सीवरून कंपनीच्या नावावर गेली? ज्या जागेवर मला घेताय, तिथला आधीचा माणूस का गेला?

खरं कोण सांगेल

याची उत्तरं मुलाखत घेणारा साहेब देईलच असं नाही. दोन माणसं हमखास देतात. एक, त्या गावातला कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. दर सहा महिन्यांनी नवा पोरगा येतो की जुनाच आहे, हे त्याला पाठ असतं. दुसरं, त्या जागेवर आधी असलेला मुलगा किंवा मुलगी. कॉलेजच्या वरच्या बॅचमधल्या मुलांना विचारलं तर त्यांचा नंबर सापडतो. त्यांना विचारायचं: पगार कोणत्या तारखेला होतो, पेट्रोलचं बिल किती दिवसांनी, पीएफ खरंच जमा होतो का.

नव्या ॲग्रीटेक कंपनीला हेच प्रश्न जास्त काटेकोरपणे विचारा. तिथे बऱ्याचदा पगार गुंतवणूकदारांच्या पैशातून चाललेला असतो. पैसा आला की पाच जिल्ह्यांत माणसं भरतात, आटला की तीन जिल्हे बंद करतात. आपल्या जिल्ह्यात किती दिवसांपासून आहेत, शेतकरी दुसऱ्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडून माल घेतो का, हे विचारलं की बरंच कळतं. आणि पत्रात 'पार्टनर' किंवा 'उद्योजक' असा शब्द असेल, पगाराऐवजी फक्त कमिशन असेल, तर ती नोकरी नाही. तो धंदा आहे. करायचा तर धंद्याचा हिशेब मांडून करा.

मुलीसाठी अजून तीन प्रश्न आहेत, ते विचारताना लाजायचं नाही. संध्याकाळी किती वाजेपर्यंत फिरावं लागतं? मेळावा रात्री असेल तर सोबत कोण? आणि तक्रार समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीत कोण आहे हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी ती फक्त कागदावर केलेली असते.

राहिली शेवटची गोष्ट. नोकरीसाठी पैसे मागितले, मग ते 'रजिस्ट्रेशन' असो, 'ट्रेनिंग डिपॉझिट' असो की 'युनिफॉर्मचे' असोत, तर तिथेच थांबायचं. कंपनीचं नाव खरं असलं तरी फोन करणारा खोटा असू शकतो. कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारायचं, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. अशा 'डिपॉझिट'साठी गटाने कर्ज देऊ नये, असा ठराव आमच्या गटाने वहीत लिहून ठेवला आहे.

शेवटी काय ठरलं

मुलीने बियाणे कंपनीच घेतली. तिला पीक कळतं आणि फिरायची तयारी आहे. एक वर्ष विक्रीत काढून उत्पादनाच्या जागेसाठी अर्ज करायचा, असं तिने ठरवलंय. पेट्रोलची मर्यादा वाढवून मागितली, ती मात्र मिळाली नाही.

गटाने कर्ज नाकारलं नाही, पण पुढे ढकललं. पहिले दोन महिने भावाची जुनी मोटारसायकल वापरायची. दोन पगारपत्रकं आणायची, मोबाइलवर उमंग ॲपमध्ये पीएफचं पासबुक उघडून दाखवायचं. त्यात तिच्या वाट्याचे आणि कंपनीच्या वाट्याचे, दोन्ही पैसे जमा दिसले, की साठ हजार मंजूर.

परवा पहिलं पगारपत्रक आलं. हातात पडलेले १७,०५६. दोनशे रुपये कमी. व्यवसाय कराच्या रकान्यात २०० लिहिले होते. मुलीने त्याच रात्री एजन्सीला ईमेल केला. दुसऱ्या पगारात ते परत आले की नाही, हे पुढच्या बैठकीत बघायचं आहे.